‘फ्लॅट फक्त माझ्याकडेच द्या’ असं एजंट म्हणतो तेव्हा

मुंबईत जुना फ्लॅट विकायला काढला की पहिल्याच आठवड्यात चार-पाच एजंटांचे फोन येतात आणि आपण सगळ्यांनाच ‘असेल गिऱ्हाईक तर आणा’ असं सांगून मोकळे होतो. त्यातला एखादा मात्र घरी येतो, कागद बघायला मागतो आणि म्हणतो, ‘तीन महिने फ्लॅट फक्त माझ्याकडे ठेवा, दुसऱ्या कुणाला देऊ नका.’ धंद्यात याला एक्सक्लुझिव्ह मँडेट म्हणतात. बरेच मालक इथे बिचकतात. काहीजण मात्र समोरच्याच्या बोलण्यावर विश्वास टाकून न वाचताच सही करतात, आणि माझ्या मते ते जास्त धोक्याचं आहे.

मी मुलुंड-भांडुप पट्ट्यात पुनर्विक्रीचं काम करतो आणि मीही मालकांकडे असा मँडेट मागतो. त्यामुळे ही मागणी कशासाठी असते, त्यात मालकाचा फायदा कुठे आहे आणि कुठली ओळ वाचल्याशिवाय सही करू नये, हे मला आतून माहीत आहे. ते एका उदाहरणावरून सांगतो.

समजा, मुलुंड पूर्वेला नव्वदच्या दशकातली सोसायटी आहे. चौथा मजला, लिफ्ट, टू बीएचके, कार्पेट 590 चौरस फूट. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका, मुलाकडे पुण्याला जायचं ठरलंय. पाच महिने फ्लॅट चार एजंटांकडे आहे आणि सौदा काही होत नाही. आता पोर्टल उघडून बघा. तोच फ्लॅट एका जाहिरातीत 1 कोटी 48 लाखांना, दुसरीत 1 कोटी 55 लाखांना, तिसरीत 1 कोटी 62 लाखांना. एकाने क्षेत्रफळ 590 लिहिलंय, दुसऱ्याने सुपर बिल्टअप धरून 850. फोटो सगळीकडे तेच, मोबाइलवर संध्याकाळी काढलेले, दोरीवर कपडे वाळत घातलेले.

घर शोधणारा माणूस या तिन्ही जाहिराती एकाच दिवशी बघतो. त्याच्या मनात दोन गोष्टी बसतात. एक, मालकाला स्वतःलाच भाव माहीत नाही. दोन, घाई आहे, म्हणूनच एवढ्यांना दिलाय. मग तो सर्वात कमी आकड्याच्या एजंटकडे जातो आणि घासाघीस 1 कोटी 48 लाखांपासून खाली सुरू होते. बाईंनी तो आकडा कुणालाच सांगितलेला नसतो. फोन यावेत म्हणून त्या एजंटने तो स्वतःच टाकलेला असतो. चार जणांत आपला नंबर लागेल की नाही याची खात्री नसल्यामुळे कुणीच या फ्लॅटवर पैसे किंवा वेळ घालत नाही. गिऱ्हाईक आपोआप आलं तर आणायचं, एवढंच. एजंट मँडेट मागतो तेव्हा खरं तर तो हे म्हणत असतो की, माझी मेहनत दुसरा नेणार नाही एवढी हमी द्या, मग मी खर्च करतो. ही मागणी रास्त आहे. पण मग त्याने काय करायचं हेही तेवढ्याच स्पष्टपणे लिहून घ्यायला हवं. त्याचा हक्क कागदावर आणि त्याचं काम तोंडी, असं असेल तर सही करू नका.

पहिली परीक्षा भावाची. मँडेट मिळवण्यासाठी काही एजंट मालकाला खूश करणारा आकडा सांगतात. बाईंना 1 कोटी 65 लाखांची आशा आहे, तर एजंट म्हणतो, ‘मॅडम, एक पासष्ट आरामात मिळतील.’ सही झाली की दोन महिने कुणी फिरकत नाही आणि मग हळूच ‘मार्केट थंड आहे, एक चाळीसची पार्टी आहे, करून टाकूया’ असं सुरू होतं. हे ओळखायचं कसं? त्याने सांगितलेल्या आकड्याला आधार मागा. पोर्टलवरचा भाव हा मागणीचा भाव असतो, तेवढ्याला सौदा झाला असं नाही. खरा आधार म्हणजे नोंदणी झालेल्या करारांची इंडेक्स टू. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये ती शोधता येते. त्यात कराराची तारीख, क्षेत्रफळ आणि मोबदल्याची रक्कम असते. आपल्या उदाहरणात त्याच सोसायटीतले अलीकडचे दोन सौदे 1 कोटी 46 लाख आणि 1 कोटी 50 लाखांचे निघाले असं धरू. चौथा मजला आणि आतलं काम चांगलं म्हणून थोडा वरचा भाव मागता येईल. 1 कोटी 58 लाखांना जाहिरात करावी आणि 1 कोटी 50 ते 54 लाखांत सौदा व्हावा, असं म्हणणारा एजंट ऐकायला कमी गोड वाटतो, पण तो हिशेब करून बोलतोय. फक्त इंडेक्स टूमधलं क्षेत्रफळ कार्पेट आहे की बिल्टअप, ते तपासून मगच दर काढा. जुन्या करारांत बिल्टअप लिहिलेलं असतं आणि तिथेच तुलना फसते.

मार्केटिंग प्लॅन म्हणजे नेमकं काय

‘सगळ्या पोर्टलवर टाकू, सोशल मीडियावर चालवू’ हा प्लॅन नव्हे. मला विचाराल तर पहिला आठवडा जाहिरातीचा नसतोच, कागदांचा असतो. मूळ बिल्डरपासूनच्या करारांची साखळी, प्रत्येक करारावर स्टॅम्प ड्युटी भरल्याच्या पावत्या, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी, आणि फ्लॅटवर कर्ज असेल तर बँकेकडे कुठली मूळ कागदपत्रं आहेत त्याची यादी. आपल्या बाईंच्या बाबतीत फ्लॅट दिवंगत यजमानांच्या नावावर होता आणि नॉमिनी म्हणून सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर बाईंचं नाव लावलं. सोसायटीच्या दप्तरात तेवढ्यावर काम भागलं. खरेदीदाराचा वकील मात्र विचारणार की मुलगा आणि मुलगी हेही वारस आहेत, त्यांचं काय? नॉमिनी झाल्याने इतर वारसांचा हक्क संपत नाही. म्हणून दोन्ही मुलांचं नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र आधी करून ठेवावं, किंवा विक्रीच्या करारावर त्यांनाही सह्या करायला बसवावं. मुलगी परदेशात असेल तर यालाच महिना-दीड महिना लागू शकतो. टोकन घेतल्यावर ही गोष्ट बाहेर आली की खरेदीदाराचं कर्ज अडतं, तो धास्तावतो आणि सौदा मोडतो. मग ‘एकदा मोडलेला सौदा’ हा शिक्का फ्लॅटला चिकटतो, कारण आसपासच्या सगळ्या एजंटांना ते कळलेलं असतं. जो एजंट पहिल्याच भेटीत ही फाइल मागतो, त्याला काम येतं असं बेलाशक समजा.

दुसऱ्या आठवड्यात घर आवरणं, दिवसाच्या उजेडात काढलेले फोटो, आराखडा, आणि मग पोर्टलवर एकच जाहिरात, एकच भाव, कार्पेट क्षेत्रफळ ठळक लिहून. जुन्या एजंटांच्या जाहिराती काढायला लावणं हे काम नवीन एजंटचं. ते झालं नाही तर मँडेट देऊनही फ्लॅट तीन भावांना झळकत राहतो आणि सगळी मेहनत वाया जाते. त्याच वेळी सोसायटीत आणि शेजारच्या इमारतींत कळवावं. मुंबईत शेजारी हे फार खरं गिऱ्हाईक असतं. लागून असलेला फ्लॅट घेऊन जोडी करायची असते, किंवा आईवडिलांना जवळ आणायचं असतं, आणि असा माणूस बाजारभावापेक्षा थोडं जास्त द्यायलाही तयार होतो.

आता प्लॅनमधला सर्वात महत्त्वाचा भाग, ज्याबद्दल मालक जवळजवळ कधीच विचारत नाहीत. तुमचा फ्लॅट हा एजंट इतर एजंटांना दाखवू देणार आहे का? मुंबईत साधारण रीत अशी की विकणाऱ्याचा एजंट विकणाऱ्याकडून ब्रोकरेज घेतो आणि घेणाऱ्याचा एजंट घेणाऱ्याकडून. मँडेट असलेल्या एजंटने स्वतःच गिऱ्हाईक आणलं तर त्याला दोन्हीकडून मिळतं. दुसऱ्या एजंटचं गिऱ्हाईक आलं तर एकाच बाजूचं मिळतं. त्यामुळे मोह होतो की इतरांचे फोन आले की ‘फ्लॅट होल्डवर आहे’, ‘मालक गावाला गेलेत’ असं सांगून टाळायचं आणि स्वतःच्या गिऱ्हाइकाची वाट बघायची. मालकाला यातलं काहीच कळत नाही. एकच एजंट नेमल्याचा सगळ्यात मोठा तोटा होतो तो इथेच, कारण तुम्ही चार दारं बंद केलीत आणि पाचवंही त्याने अर्धं लावून घेतलं.

यावर उपाय सोपा आहे. करारात लिहून घ्या की इतर एजंटांच्या गिऱ्हाइकांना फ्लॅट दाखवणं बंधनकारक आहे, आणि एजंटने दोन्ही बाजूंचं ब्रोकरेज घेतलं तर ते तुम्हाला लेखी कळवलं जाईल व तुमच्या बाजूचा दर तेवढा कमी होईल. शिवाय दर रविवारी रात्री एक छोटा अहवाल मागा. किती फोन आले, किती जणांनी फ्लॅट पाहिला, ते कुणामार्फत आले, काय बोलले, कुणी आकडा सांगितला का. तीन आठवडे झाले आणि पाहायला आलेल्यांत दुसऱ्या एजंटमार्फत आलेला एकही माणूस नसेल तर काहीतरी गडबड आहे. खात्री करायची असेल तर दुसऱ्या भागातल्या ओळखीच्या एजंटला सहज फोन करायला सांगा आणि त्याला काय उत्तर मिळतं ते ऐका.

या अहवालाचा दुसराही उपयोग होतो. फोनच येत नसतील तर बहुधा भाव किंवा फोटो चुकलेत. फोन येतात, लोक बघून जातात आणि परत विचारत नाहीत, तर घरात किंवा इमारतीत काहीतरी खटकतंय. आकडे सांगितले जातायत पण सगळे 1 कोटी 45 लाखांच्या आसपास अडकतायत, तर बाजार काय म्हणतोय ते तुम्हाला कळलं. चौथ्या आठवड्यात एजंटबरोबर बसून यावर निर्णय घ्यायचा, हेही प्लॅनमध्ये तारखेसह लिहिलेलं असावं.

ब्रोकरेज किती, कशावर आणि कधी

मुंबईत पुनर्विक्रीत विकणाऱ्याकडून साधारण 1 ते 2 टक्के मागितले जातात. हा आकडा कायद्याने ठरलेला नाही, तो बोलून ठरतो. आपल्या उदाहरणात दीड टक्का ठरला आणि सौदा 1 कोटी 52 लाखांना झाला, तर ब्रोकरेज 2 लाख 28 हजार. एजंट जीएसटीखाली नोंदणीकृत असेल तर त्यावर 18 टक्के, म्हणजे 41,040 रुपये, एकूण 2 लाख 69 हजार 40. ‘दीड टक्का’ हे जीएसटी धरून की सोडून, ते पहिल्याच दिवशी विचारा. एजंट जीएसटी मागत असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक बिलावर हवा. फोटो, पोर्टल, जाहिरात हा खर्च वेगळा मागितला जाणार नाही, हेही स्पष्ट करून घ्या. मँडेट मागण्यामागे कारण तेच असतं की तो खर्च एजंट करतोय.

इथे एक साधं गणित मालकांनी समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. एजंटने दोन आठवडे आणखी झगडून भाव 1 कोटी 52 वरून 1 कोटी 55 लाखांवर नेला तर तुम्हाला 3 लाख जास्त मिळतात. त्याला दीड टक्क्याने मिळतात फक्त साडेचार हजार. म्हणजे टक्केवारीच्या ब्रोकरेजमध्ये एजंटचा स्वार्थ सौदा लवकर होण्यात असतो, जास्तीत जास्त भाव मिळण्यात नसतो. चांगला माणूसही नकळत त्या बाजूला झुकतो. म्हणून मी टप्प्याचा दर सुचवतो. उदाहरणार्थ, 1 कोटी 48 लाखांपर्यंत सव्वा टक्का, आणि त्याच्या वर जे मिळेल त्याच्या 10 टक्के. 1 कोटी 52 लाखांच्या सौद्यात हे 1 लाख 85 हजार अधिक 40 हजार, असे 2 लाख 25 हजार होतात, म्हणजे जवळजवळ सरळ दीड टक्क्याएवढेच. पण आता पुढच्या 3 लाखांत एजंटला 30 हजार दिसतात आणि तो तुमच्यासाठी भांडतो. हा दर लावायचा तर खालचा आकडा इंडेक्स टूच्या आधारानेच ठरवा, नाहीतर तो मुद्दाम कमी धरला जाईल.

एका प्रस्तावाला मात्र सरळ नाही म्हणा. ‘तुम्हाला 1 कोटी 45 लाख नेट देतो, वरचे माझे.’ यात खरेदीदार खरे किती देतोय हे तुमच्यापासून लपवण्यातच एजंटचा फायदा असतो, आणि करारावरची रक्कम व हातात आलेली रक्कम यांचा मेळ बसला नाही तर आयकराच्या प्रश्नाला उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

पैसे कधी द्यायचे हा मुद्दा दराएवढाच मोठा आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 219 नुसार वेगळं ठरलं नसेल तर एजंटचा मोबदला काम पूर्ण झाल्यावरच देय होतो. पण मँडेटच्या छापील मसुद्यांत बऱ्याचदा ‘खरेदीदार आणताच ब्रोकरेज देय’ किंवा ‘टोकन मिळताच निम्मं देय’ असं लिहिलेलं असतं, आणि लिहिलेलं तेच चालतं. टोकननंतर खरेदीदाराचं कर्ज नामंजूर झालं तर फ्लॅटही विकला जात नाही आणि ब्रोकरेजही गेलेलं असतं. निम्मं करार नोंदणीच्या दिवशी आणि निम्मं पूर्ण रक्कम खात्यात जमा होऊन ताबा देताना, ही मांडणी दोन्ही बाजूंना न्याय्य आहे. टोकनचा चेक नेहमी मालकाच्याच नावाने. एजंटकडे मूळ कागद देऊ नका, झेरॉक्स पुरे. आणि मँडेटबरोबर कुलमुखत्यारपत्र मागितलं तर तिथेच थांबा, कारण फ्लॅट दाखवायला आणि गिऱ्हाईक आणायला त्याची गरज नसते.

सहीआधी अडकायचं त्या ओळी

दोन प्रकारचे मँडेट दिसायला सारखे असतात. एकात दुसरा एजंट नेमायला बंदी असते, पण मालकाने स्वतःच्या ओळखीत विकलं तर ब्रोकरेज लागत नाही. दुसऱ्यात मुदतीत फ्लॅट कुणीही, कसाही विकला तरी ब्रोकरेज द्यावंच लागतं. बाईंच्या भाच्याने घ्यायचं ठरवलं तरी. हा दुसरा प्रकार चुकीचाच आहे असं नाही, कारण एजंटच्या जाहिरातीवरून आलेला माणूस परस्पर मालकाला गाठतो, असंही होतं. मध्यम मार्ग म्हणजे आधीपासून बोलणी सुरू असलेल्या नातेवाइकांची आणि शेजाऱ्यांची नावं सही करतानाच करारात लिहून त्यांना वगळायचं.

मुदत संपल्यावरचंही एक कलम असतं. मँडेट संपल्यावर अमुक दिवसांत एजंटने दाखवलेल्या माणसानेच फ्लॅट घेतला तर ब्रोकरेज देय. हे रास्त आहे, पण त्यात मर्यादा हवी. मुदत संपल्यापासून सात दिवसांत एजंटने नावांची लेखी यादी द्यावी, त्या यादीपुरतंच आणि दोन महिन्यांपुरतंच ते लागू राहावं. यादीशिवाय ‘आमच्यामार्फत माहिती मिळालेली कोणीही व्यक्ती’ असं लिहिलं असेल तर पुढचा एजंट नेमताना तुम्ही दोन ब्रोकरेजच्या कात्रीत सापडता.

मुदत पहिल्यांदा 60 ते 90 दिवसांची ठेवा आणि ‘मुदत आपोआप वाढेल’ ही ओळ असेल तर खोडून घ्या. मध्येच मोडायचं झालं तर करार कायद्याचं कलम 205 लक्षात ठेवा. ठरावीक मुदतीची नेमणूक पुरेशा कारणाशिवाय रद्द केली तर मालकाला एजंटला भरपाई द्यावी लागू शकते. म्हणून पुरेशी कारणं कोणती ते आधीच लिहून ठेवा: सलग दोन आठवडे अहवाल न देणं, जुन्या जाहिराती 15 दिवसांत न काढणं, ठरलेल्यापेक्षा वेगळा भाव जाहीर करणं, इतर एजंटांना परतवून लावणं. मग मतभेद झाला तर वाद कागदावर सुटतो.

एजंट महारेरात नोंदणीकृत आहे का तेही संकेतस्थळावर बघून घ्या. रेराची नोंदणी सक्तीची आहे ती नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीसाठी. तीस वर्षांच्या सोसायटीतल्या पुनर्विक्रीला ती तशी लागू होत नाही. तरीही नंबर असलेला माणूस नावापत्त्यासह नोंदीत असतो, आणि दाराशी आलेल्या अनोळखी माणसाबद्दल तेवढं तरी हाताशी असावं.

सौदा झाल्यावर ब्रोकरेज बँकेतूनच द्या आणि फ्लॅटचा पत्ता व सौद्याची रक्कम लिहिलेलं बिल घ्या. भांडवली नफा काढताना विक्रीसाठी दिलेलं ब्रोकरेज विक्रीच्या रकमेतून वजा होतं. बाईंच्या हिशेबात ते 2 लाख 69 हजार 40 रुपये करपात्र नफ्यातून कमी होतील, पण त्यासाठी सीएकडे बिल आणि बँकेची नोंद, दोन्ही लागतील.